पहिली म्हैस घेताना: रिकामी कास बघितल्याशिवाय इसार नको

«दादा, नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. शेती थोडी, विहिरीला पाणी बऱ्यापैकी. गावात डेअरीचं संकलन केंद्र आहे, ते फॅटवर भाव देतं. घरात बैलजोडी आणि शेळ्या होत्या, पण दुभतं ढोर कधी नव्हतं. आता ९०,००० रुपयांपर्यंत एक म्हैस घ्यायची आहे. धार मीच काढणार, सध्या शेजारच्या काकूंकडे हात बसवतेय. आमचे हे म्हणतात गाभण घेऊ, स्वस्त पडेल. दीर म्हणतात ताजी व्यालेलीच घ्या. बाजारात दलाल भराभर दात दाखवतो, कास दाखवतो, आम्ही नुसत्या माना डोलावतो. नेमकं काय आणि कसं बघायचं? — एक वाचक भगिनी»

ताई,

दिरांचं ऐका. गाभण म्हशीत तुम्हाला बघण्यासारखं काहीच हातात येत नाही. ती आटलेली असते, त्यामुळे चारही सड चालू आहेत का, दूध किती, पान्हा घालते का, धारेला उभी राहते का, हे सगळं विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर घ्यावं लागतं. त्यातही म्हैस साधारण ३१० दिवस गाभण राहते. ‘पुढच्या महिन्यात व्यायची’ म्हणून आणलेली म्हैस डॉक्टरांनी हात घालून तपासली आणि पाचच महिन्यांची निघाली, तर पाच महिने ढेप फुकट जाते. गोठ्यात आधीच चार जनावरं दूध देत असतील त्याला हा जुगार परवडतो. तुमचं पहिलंच जनावर आहे, तुम्हाला नाही परवडणार.

मग कोणती? दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, आणि व्यायला तीन-चार आठवडे झालेली. पहिलारू म्हैस स्वस्त मिळते, पण तिचं दूध अजून पूर्ण उघडलेलं नसतं आणि तिला धारेची सवयही नसते. तुमचाही हात नवा, तिचीही कास नवी, हे जमवायला अवघड. दुसऱ्या-तिसऱ्या वेतापर्यंत दूध वाढत जातं आणि जनावर माणसाळलेलंही असतं. तीन-चार आठवडेच का, याचं कारण असं की जार अडकणं, गर्भाशयाला सूज येणं, व्यायल्यावर कॅल्शियम कमी पडून म्हैस बसून राहणं, ही पहिल्या दिवसांतली संकटं तोवर विकणाऱ्याच्या गोठ्यातच उरकलेली असतात. चीक संपलेला असतो. आणि दूध अजून चढतीवर असतं, कारण म्हैस साधारण दीड-दोन महिन्यांनी आपल्या सर्वात जास्त दुधावर येते. म्हणजे चढती बाजू तुमच्या वाट्याला येते.

चार-पाच दिवसांची व्यालेली दिसायला सगळ्यात भारी दिसते, तीच घ्यावीशी वाटते. पण त्या कासेत दुधाबरोबर व्यायल्याची सूजही असते. अंगठा दाबून धरा आणि काढा; खळगा पडून तसाच राहिला तर तो फुगवटा सुजेचा आहे, दुधाचा नाही. सूज ओसरल्यावर कास किती उरेल हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे म्हशी जास्त करून पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वितात. त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे सावद्याच्या, वरखेडीच्या गुरांच्या बाजारात ताज्या म्हशी भरपूर दिसतात आणि निवड करता येते. उन्हाळ्यात दूध कमी, म्हशी कमी, भाव मात्र चढे. तेव्हा थांबता येत असेल तर थांबा.

आता बघायचं कसं. माझा एकच हट्ट आहे: बाजार तुम्हाला भरलेली कास दाखवतो, तुम्ही रिकामी कास बघून या. बाजारात उभ्या असलेल्या बहुतेक म्हशींची सकाळची धार काढलेली नसते, काहींची तर आदल्या संध्याकाळचीही नसते. याला कास तुंबवणं म्हणतात. तट्ट फुगलेली कास लांबून बघून गिऱ्हाईक येतं. जनावराला वेदना होतात, सड गळायला लागतात, पण भाव वाढतो. या कासेवरून दुधाचा अंदाज बांधायचाच नाही.

गेल्या हिवाळ्यात पारोळ्याकडच्या एका जोडप्याबरोबर मी बाजारात गेलो होतो, तेव्हाचा हिशेब सांगतो. आम्ही बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारीच पोहोचलो. लांबून येणारे व्यापारी बहुधा आदल्या दिवशीच माल उतरवतात, म्हणून एक संध्याकाळ आणि एक सकाळ अशा दोन धारा बघायला मिळतात. त्यांना एक मेहसाणी धाटणीची म्हैस आवडली होती. विकणाऱ्याचं म्हणणं तीन शब्दांत: दुसरं वेत, वीस दिवस, बारा लिटर. सांगितलेली किंमत १,०५,००० रुपये.

पहिला शब्द दातांवर तपासला. म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे कडक हिरडी असते, तेव्हा कुणी ‘दात पडलेत’ म्हणालं तर घाबरू नका. खालच्या जबड्यात पुढे आठ दात. दुधाचे दात बारीक, पांढरेशुभ्र आणि अरुंद. पक्के दात रुंद, जाड, जरा पिवळट. मधली जोडी आधी बदलते, मग एकेक जोडी बाहेरच्या बाजूला. म्हशीत पहिली जोडी तिसऱ्या वर्षाच्या आसपास येते, त्याला दोनदाती म्हणायचं. पुढे चारदाती, सहादाती, आणि साडेपाच-सहा वर्षांना आठही पक्के होतात, म्हणजे म्हैस जुळली. यात खाणं आणि जात यांप्रमाणे सहा-आठ महिने पुढेमागे होतात. संकरित गायीत सगळं यापेक्षा लवकर होतं, म्हणून गायीच्या दातांचा हिशेब म्हशीला लावू नका. म्हैस पहिल्यांदा वितेच साडेतीन-चार वर्षांना, आणि दुसऱ्यांदा त्यानंतर सव्वा-दीड वर्षाने. म्हणजे दुसऱ्या वेताच्या म्हशीच्या तोंडात सहा पक्के दात असावेत, किंवा कडेची जोडी नुकती फुटत असावी. ‘दुसरं वेत’ म्हणतात आणि आठही दात जुळून वरून सपाट झिजलेत, दोन दातांमध्ये फटी पडल्यात, तर ती म्हैस दहाच्या पुढची आहे, मग विकणारा काहीही शपथ घेवो. शिंगाच्या कड्या मोजू नका. त्या कानशीने घासून काढता येतात आणि वर तेल चोपडलं की खूण उरत नाही.

दात बघायला दलालाला तोंड उघडू देऊ नका, तो अर्ध्या क्षणात मिटतो. एकाने मोरकी धरायची आणि तुम्ही बाजूने खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढायचा. जबडा उघडायची गरजच नाही. या म्हशीला सहा दात पक्के होते, कडेची जोडी हिरडीतून नुकती वर आलेली. पहिला शब्द खरा निघाला.

दुसरा शब्द, वीस दिवस, तो रेडकावर तपासला. म्हशीचे दिवस म्हशीपेक्षा तिचं पिलू खरे सांगतं. पंधरा-वीस दिवसांच्या रेडकाची नाळ नुकती वाळून गळालेली असते, बेंबीवर खपली किंवा ताजी खूण दिसते, ते चारा नुसता चघळतं आणि शिंगाच्या जागी बोटाला जेमतेम उंचवटा लागतो. आमच्यासमोरच्या रेडकाची बेंबी पूर्ण भरून वर केस आलेले, शिंगं चक्क हाताला लागत होती, आणि ते कडब्याची पानं सराईतपणे खात होतं. दोन-अडीच महिन्यांचं असावं. मग प्रश्न असा की हे पिलू हिचंच की उसनं? काही जण जुन्या म्हशीच्या पुढ्यात दुसऱ्या म्हशीचं लहान रेडकू बांधून तिला ताजी करतात. इथे उलट होतं, म्हणून आम्ही रेडकू सोडायला लावलं. म्हशीने हुंगलं, चाटलं, अंगाशी घेतलं. परकं पिलू असतं तर तिने शिंगाने बाजूला सारलं असतं किंवा पाय झटकले असते. रेडकू तिचंच होतं, म्हणजे वीस दिवस हा शब्द खोटा. ती अडीच महिन्यांची व्यालेली होती. दुधाच्या सर्वात वरच्या पायरीवर उभी, इथून पुढे उतरणार. वीस दिवसांच्या म्हशीचा भाव हिला द्यायचा नव्हता.

शेपटी उचलूनही बघितलं. खरोखर तीन आठवड्यांची म्हैस असती तर एव्हाना मायांगाची सूज उतरलेली आणि घाण पडायची थांबलेली दिसली असती. पांढरट, वास मारणारा स्राव किंवा शेपटीच्या बुडाला वाळलेला चिकटा दिसला तर गर्भाशयाला दाह आहे, ती म्हैस पुढे लवकर गाभण जात नाही. तिथेच टाक्यांचे व्रण दिसतात का तेही बघा. काही म्हशींचं अंग बाहेर येतं आणि दर वेताला येत राहतं. त्यासाठी म्हैस बसलेली असताना एकदा मागून बघावी, उभी असताना ते लपून राहतं.

तिसरा शब्द बारा लिटर. संध्याकाळी सहाला आमच्यासमोर धार काढायला लावली. सात लिटर निघालं. जोडप्याचे डोळे चमकले: दोन वेळचे चौदा! मी त्यांना गप्प राहायला सांगितलं. ते दूध किती तासांचं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सडांवरचा ताण बघता ते एका वेळेचं नक्कीच नव्हतं. कास तुंबली की आत दूध तयार होणंही मंदावतं, त्यामुळे बावीस-चोवीस तासांचं दूध दोन वेळच्या बेरजेपेक्षा थोडं कमीच भरतं. त्या धारेचा उपयोग एवढाच की कास रिकामी झाली. खरं माप पुढच्या धारेचं. सकाळी सहाला, बरोबर बारा तासांनी, आम्ही पुन्हा हजर होतो. चार लिटर भरलं. म्हणजे दिवसाला आठ-साडेआठ. प्रवासाचा आणि बाजारातल्या गोंगाटाचा शीण धरला तर घरी रुळल्यावर नऊ, त्याच्या वर नाही.

दोन्ही वेळा आम्ही रेडकू सोडण्यापासून शेवटच्या थेंबापर्यंत शेजारी उभे होतो. हे सोडू नका. दूध उतरवायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ते टोचलं जातं. ज्या म्हशीला त्याची सवय लागली ती तुमच्या गोठ्यात नुसत्या रेडकावर आणि ढेपेवर पान्हा घालणार नाही. चांगली म्हैस रेडकाने ढुसण्या दिल्यावर दोनेक मिनिटांत पान्हावते. गायीपेक्षा म्हशीला वेळ लागतोच, त्यात खोट नाही. पण तुम्ही ‘एक मिनिट, चहा घेऊन या’ असं ऐकलं तर चहा घेऊ नका.

धार संपल्यावर खरं काम सुरू होतं. रिकामी कास हातात घ्या. चांगली कास दूध काढल्यावर मऊ पडते, मागची कातडी घड्या घालून लोंबते, रिकाम्या पिशवीसारखी. दूध काढूनही कास तेवढीच मोठी आणि दाबायला भरीव लागली तर ती मांसल कास आहे. आकार मांसाचा, दूध थोडं. आता चारही भाग वेगवेगळे दाबून बघा. एखादा भाग बाकीच्यांपेक्षा लहान, गरम, किंवा आत खड्यासारखी गाठ लागत असेल तर तिथे दगडी, म्हणजे कासेचा दाह, होऊन गेली आहे किंवा चालू आहे. एक भाग मेला की दुधाचा साधारण चौथा हिस्सा गेला, आणि तो पुढच्या वेताला परत येईलच असं नाही. कास ढोपराच्या वर राहणारी, पोटाला रुंद चिकटलेली हवी. ढोपराच्या खाली लोंबणारी कास चिखलात, दगडावर घासते.

सडांचं तुमच्या हातानेच ठरेल. प्रत्येक सडातून तीन-चार धारा काळ्या कापडावर पाडा. गाठी, पाण्यासारखं दूध, लालसर झाक लगेच उठून दिसते. सकाळी जाताना एक बाटली न्या: अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम साधी कपडे धुण्याची पावडर विरघळवून. चार वाट्यांत चार सडांचं दूध थोडं थोडं घ्या, तेवढंच पावडरचं पाणी घाला आणि हलवा. पातळच राहिलं तर ठीक. शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात दगडीची सुरुवात आहे, बाहेरून काही दिसत नसलं तरी. चीक असलेल्या किंवा आटत आलेल्या म्हशीचं निरोगी दूधही असंच घट्ट होतं, तेव्हा ही चाचणी मधल्या दिवसांच्या म्हशीलाच लावा. काही जुने लोक दूध चाखून खारट आहे का बघतात. कच्चं दूध तोंडात घेऊ नका, गर्भपाताचा जो सांसर्गिक रोग जनावरांत असतो तो माणसालाही त्यातून होतो.

आता स्वभाव. तो मी शेवटी सांगतोय, पण तुमच्यासाठी तो दातांच्या वरचा आहे. सकाळची धार विकणाऱ्याला अर्धीच काढू द्या आणि उरलेली तुम्ही स्वतः काढा. साहेबांनी नाही, तुम्ही. काही म्हशी एकहाती असतात, ओळखीचा हात सोडून दुसऱ्याला दूध देत नाहीत, सड वर ओढून घेतात. काही फक्त पुरुषाच्या धोतराला, आवाजाला सरावलेल्या असतात आणि साडी दिसली की बुजतात. त्या जोडप्यातली बाई बसली तेव्हा म्हशीने एकदा पाय उचलला, मागे वळून बघितलं, मग रवंथ करायला लागली. एवढं चालतं. पाय नुसता उचलणं वेगळं आणि नेम धरून लाथ मारणं वेगळं. धारेच्या आधी मागचे पाय दोरीने बांधलेले असतील तर आधी सोडायला सांगा. त्याशिवाय ती उभी राहते की नाही ते कळायचं नाही. तुम्ही धरलेल्या सडाची धार किती जाड पडते तेही बघा. बारीक छिद्राच्या कडक सडाची म्हैस दूध देईल, पण महिन्याभरात तुमची मनगटं जातील. एक लहान गोष्ट: तोंडावर काटेरी मुसक्याचे वळ असतील तर ती स्वतःचेच सड पिणारी आहे. ती कितीही देखणी असो, सोडून द्या.

त्या म्हशीचे चारही सड स्वच्छ होते, स्वभाव गरीब होता, वयही बरोबर. खोटं होतं ते दिवसांत आणि लिटरात. तोच मुद्दा धरून बसलो. उपरण्याखाली बोटं दाबण्याचा खेळ आम्ही नाकारला, भाव उघड बोललो, आणि सौदा ७८,००० रुपयांवर ठरला. ती घेणं बरोबर होतं, फक्त त्यांना एक काम लगेच करायचं होतं: माजावर लक्ष ठेवून महिन्याभरात ती भरवून घ्यायची. नाहीतर ती उतरत्या दुधावर, रिकाम्या पोटाने वर्ष काढणार.

तुमच्या ९०,००० रुपयांतले सगळे म्हशीवर घालू नका. गाडीभाडं, पहिल्या महिन्याची सरकी ढेप आणि डॉक्टर यांना बाजूला काढून ८०,००० रुपयांच्या आतच बोला. इसार देण्याआधी सड, दूध आणि वेत यांची बोली चार माणसांसमोर करून घ्या. बाजार समितीची पावती घ्या आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर पावतीवर लिहून घ्या. बिल्ला नसेल तर का नाही ते विचारा.

आणि विकणाऱ्याला विचारा ती काय खात होती. तीच ढेप, तोच कडबा दहा-बारा दिवस चालू ठेवा, बदल हळूहळू करा. पहिल्या आठवड्यात दूध दीड-दोन लिटरने पडेल, त्याने घाबरून इंजेक्शन देऊ नका आणि विकणाऱ्याला फोनवर भांडूही नका. पंधरा दिवसांनीही सकाळच्या मापाच्या खालीच राहिली तर मात्र ती वाट्यांची चाचणी पुन्हा करा, आणि घट्ट निघालेल्या सडाचं दूध वेगळं काढा, ते डेअरीत घालू नका.